काट्याची पावती आणि सळ्यांचे मीटर

स्लॅबचे लोखंड साइटवर उतरते तेव्हा घरमालकाच्या हातात दोन कागद असतात. एक इंजिनिअरने दिलेला बार बेंडिंग शेड्यूलचा, म्हणजे साइटवरच्या भाषेत बीबीएस. दुसरा वजनकाट्याची पावती. पहिल्या कागदाच्या तळाशी एकूण किलो लिहिलेले असतात, दुसऱ्यावर भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करून आलेले निव्वळ वजन. दोन्ही आकडे जवळपास जुळले की चलनावर सही होते आणि टेम्पो निघून जातो.

पण या जुळण्यात एक मोठी फट आहे. १० मिमी सळईच्या एका बंडलात सहसा ७ नग असतात. १२ मीटरच्या हिशोबाने ते ८४ मीटर, वजनात साधारण ५२ किलो. १६ मिमीच्या बंडलात ३ नग, म्हणजे ३६ मीटर आणि साधारण ५७ किलो. आता गाडी भरताना १० मिमीचे एक बंडल कमी आणि १६ मिमीचे एक जास्त पडले, तर गाडीच्या वजनात फरक पडेल फक्त ५ किलोचा. गाड्यांचा काटा बहुधा १० किंवा २० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो, त्यामुळे हा फरक पावतीवर उमटेलच असे नाही. स्लॅबमध्ये मात्र ८४ मीटर सळई कमी पडेल, आणि ते कळेल काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी.

म्हणून बीबीएसचा एकूण आकडा गाडीच्या एकूण वजनाशी ताडून पाहणे ही तपासणीची फक्त पहिली पायरी. खरी तपासणी व्यासागणिक होते आणि तिचे एकक किलो नसून मीटर असते. किलोवरून मीटरवर आणि मीटरवरून किलोवर जायला एकच आकडा लागतो, तो म्हणजे त्या व्यासाच्या एक मीटर सळईचे वजन.

हा आकडा काढायला कोष्टक लागत नाही. सळईचा मिलिमीटरमधला व्यास त्यानेच गुणायचा आणि १६२ने भागायचे. उत्तर मीटरला किलोमध्ये येते. ८ मिमीसाठी ६४ भागिले १६२, म्हणजे ०.३९५ किलो. १० मिमीसाठी ०.६१७, १२ मिमीसाठी ०.८८८ आणि १६ मिमीसाठी १.५८. हा १६२ कुठून आला? पोलादाचे घनमीटरला वजन ७८५० किलो धरतात. गोल छेदाचे क्षेत्रफळ गुणिले एक मीटर लांबी गुणिले ७८५० असा गुणाकार मांडला आणि मिलिमीटरचे मीटर केले, की व्यासाच्या वर्गाखाली १६२.२ उरतो. दशांश सोडून दिल्यामुळे तिसऱ्या स्थळी थोडा फरक पडतो, म्हणून १२ मिमीसाठी कुणी ०.८८८ लिहितो, कुणी ०.८८९. घराच्या कामात त्याने काही बिघडत नाही. फुटात मोजणारे जुने फिटर १६२ऐवजी ५३३ने भागतात; त्यांचे उत्तर फुटाला किलोमध्ये येते आणि तेही बरोबरच असते. हेच फिटर १० मिमीला तीन सूत, १२ला चार सूत आणि १६ला पाच सूत म्हणतात. फोनवर मागणी देताना व्यास दोन्ही पद्धतींनी सांगितला की घोळ होत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, तालुक्याच्या गावात तळमजला अधिक एक मजला असे घर बांधले जात आहे. पहिल्या स्लॅबच्या आणि त्याखालच्या बीमच्या बीबीएसमध्ये ८ मिमीचे १८४० मीटर, १० मिमीचे ९६० मीटर, १२ मिमीचे ६२० आणि १६ मिमीचे ४१० मीटर निघाले. प्रत्येकाला त्याच्या मीटरच्या वजनाने गुणले तर अनुक्रमे ७२७, ५९२, ५५१ आणि ६४८ किलो येतात. बेरीज २५१८ किलो, म्हणजे अडीच टनांच्या थोडी वर.

इथे बरेच मालक फोन उचलतात आणि ‘अडीच टन पाठवा, थोडे जास्तच टाका’ असे सांगतात. इंजिनिअरने तसे केले नाही. त्याने मीटरला १२ने भागून नग काढले, कापाकापीत जाणारे तुकडे धरून थोडी वाढ केली आणि पूर्ण बंडलात मागणी लिहिली: ८ मिमीची १६ बंडले, प्रत्येकी १० नग, १० मिमीची १२ बंडले, प्रत्येकी ७ नग, १२ मिमीची ११ बंडले, प्रत्येकी ५ नग, १६ मिमीची १२ बंडले, प्रत्येकी ३ नग. एकूण नग झाले १६०, ८४, ५५ आणि ३६. मीटरमध्ये ते १९२०, १००८, ६६० आणि ४३२. त्यांचे हिशोबी वजन २६४९ किलो.

बंडलातले नग सगळीकडे असेच असतात असे नाही, पण विक्रीच्या सोयीसाठी एक बंडल पन्नास-साठ किलोंच्या आसपास ठेवण्याची पद्धत आहे. मागणी लिहिण्याआधी दुकानदाराला नग विचारून घेतले की पुरे.

गाडी आली. काट्याच्या पावतीवर निव्वळ वजन होते २५५० किलो. म्हणजे हिशोबापेक्षा ९९ किलो कमी. किलोला ६० रुपये भाव धरला तरी ही रक्कम सहा हजारांच्या घरात जाते, तेव्हा मालकाचा आवाज चढणे साहजिकच. ‘साहेब, दोन बंडले वाटेत उतरवलीत यांनी,’ असे तो इंजिनिअरला म्हणाला. ड्रायव्हर म्हणत होता की बंडलांना कुणी हात लावलेला नाही. दोघांच्या बोलण्यावरून खरे-खोटे ठरण्यासारखे नव्हते. ठरवणारी गोष्ट गाडीतच होती.

इंजिनिअरने आधी काट्याकडे पाहिले. रिकामी आणि भरलेली गाडी एकाच काट्यावर तोलली होती का? दोन्ही वेळा ड्रायव्हर केबिनमध्येच होता का? मध्ये डिझेल भरले होते का, फळकूट किंवा ताडपत्री काढून ठेवली होती का? एका माणसाचा फरक म्हणजे ६०-७० किलो, १६ मिमीच्या एका बंडलापेक्षा जास्त. या गाडीची दोन्ही वजने त्याच दिवशी, त्याच काट्यावर, ड्रायव्हर बसलेला असताना झाली होती. १० किलोच्या टप्प्यामुळे एका वजनात पाच किलो इकडे-तिकडे होऊ शकतात. दोन वजनांची वजाबाकी आहे म्हणून जास्तीत जास्त दहा. ९९ किलोंचे उत्तर काट्यात नव्हते.

मग नग मोजले. बंडले मोजून भागत नाही, बंडलातल्या सळ्यांची टोके मोजावी लागतात. ८ मिमीचे बंडल बाहेरून नेहमीसारखे दिसते, पण दहाच्या जागी नऊ टोके असतील तर ते डोळ्यांना एकदम जाणवत नाही. टोकांवर खडूने खूण करत मोजले की गल्लत होत नाही. ८ आणि १० मिमी ढिगात एकमेकांत मिसळले असतील, तर नुसत्या नजरेने ते वेगळे ओळखणे सरावलेल्या फिटरलाही जड जाते. तेव्हा बंडलावरचा टॅग आणि सळईवर उठवलेली व्यासाची, प्रतीची खूण पाहायची. या गाडीत १६०, ८४, ५५ आणि ३६ नग पूर्ण भरले.

त्यानंतर लांबी. सळई १२ मीटरची असे सगळेच म्हणतात, पण ती टेपने मोजलेली बरी. ११.८ मीटरच्या सळ्या आल्या तर नग पूर्ण असूनही शंभरामागे दीडेक मीटर कमी पडतात. छोट्या टेम्पोतून आणताना पातळ सळ्या मधोमध दुमडून आणतात. त्या दोनचार नग सरळ करून मोजायच्या, बाकीच्यांची टोके जुळतात का ते पाहायचे. इथे लांबीही भरली.

नग पूर्ण, लांबी पूर्ण आणि वजन कमी. एकच शक्यता उरली: सळ्याच हलक्या आहेत. ती पडताळून पाहायला फार काही लागले नाही.

फिटरने प्रत्येक व्यासाच्या तीन वेगवेगळ्या बंडलांतली एकेक सळई ओढली. तिचे टोक आधी कटिंग मशिनवर काटकोनात छाटले, कारण कारखान्यातून आलेले टोक पुष्कळदा तिरके, चेपलेले असते. तिथून टेप लावून बरोबर एक मीटरवर खडूची रेघ मारली आणि तुकडा कापला. माती आणि सुटा गंज तारेच्या ब्रशने झाडला. मग तुकडे शेजारच्या किराणा दुकानात नेले आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. एक मीटर मोजताना पाच मिलिमीटरची चूक झाली तर वजनात अर्ध्या टक्क्याची चूक होते. म्हणून या कामात घाई चालत नाही. तीन तुकड्यांची सरासरी आली: ८ मिमी ३७२ ग्रॅम, १० मिमी ५९० ग्रॅम, १२ मिमी ८५८ ग्रॅम आणि १६ मिमी १ किलो ५६० ग्रॅम.

या प्रत्यक्ष वजनांनी मीटरला गुणले तर ८ मिमीचे ७१४, १० मिमीचे ५९५, १२ मिमीचे ५६६ आणि १६ मिमीचे ६७४ किलो होतात. बेरीज २५४९. काट्याची पावती २५५०. वाटेत काही उतरले नव्हते. ९९ किलोंपैकी ४४ किलो एकट्या ८ मिमीच्या हलकेपणातून आले होते, २७ किलो १० मिमीतून आणि उरलेले जाड सळ्यांतून.

इथे कुणालाही वाटेल की व्हर्नियरने जाडी मोजली असती तर एवढा खटाटोप वाचला असता. तसे होत नाही. सळईवर ज्या आडव्या-तिरप्या कडा उठवलेल्या असतात, त्यांच्यावरून मोजले तर जाडी जास्त भरते आणि दोन कडांच्या मधल्या खोलगट भागावर मोजले तर कमी. ‘१२ मिमी’ हे माप सळईवर कुठल्याही एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही. त्याचा अर्थ इतकाच, की तेवढ्याच लांबीच्या गुळगुळीत १२ मिमी गजाइतके पोलाद या सळईत आहे. म्हणून भारतीय मानक आयएस १७८६ सळईच्या छेदाचे क्षेत्रफळ वजनावरूनच काढायला सांगते: किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या लांबीने आणि ०.००७८५ने भागायचे, की चौरस मिलिमीटर मिळतात. किराणा दुकानातल्या काट्यावर केलेली तपासणी ही मानकातल्याच तपासणीची घरगुती आवृत्ती आहे. नमुना निदान अर्धा मीटर लांब असावा असे मानक म्हणते. साइटवर एक मीटर घेतला तर गुणाकारही वाचतो आणि चूकही निम्म्यावर येते.

मग या सळ्या सदोष होत्या का? नाही. मानकात प्रत्येक व्यासाला सूट दिलेली आहे. १० मिमीपर्यंतच्या सळ्यांचा संपूर्ण गट हिशोबी वजनापेक्षा ७ टक्के कमी किंवा जास्त असू शकतो. १०च्या पुढे १६ मिमीपर्यंत ही सूट ५ टक्के आणि त्याहून जाड सळ्यांना ३ टक्के. एकट्या नमुन्याला खालच्या बाजूला आणखी एक टक्का मोकळीक आहे, म्हणजे ८, ६ आणि ४ टक्के. आपल्या उदाहरणात ८ मिमी ५.८ टक्के हलकी होती, १० मिमी ४.४, १२ मिमी ३.४ आणि १६ मिमी १.३ टक्के. सगळ्या मर्यादेच्या आत, पण सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या.

हा झुकाव कारखान्यात ठरतो. तापलेले पोलाद रोलरच्या खाचेतून दाबून काढतात आणि सळईचा आकार त्या खाचेवर अवलंबून असतो. खाच नवी असताना सळई हलकी निघते; काम करून करून खाच झिजते, तिचे तोंड मोठे होते आणि सळई जड होत जाते. खाच कधी बदलायची आणि सुरुवात किती हलक्या मापावर करायची, हे कारखाना ठरवतो. म्हणूनच एकाच कंपनीची, एकाच दुकानातून घेतलेली दोन महिन्यांच्या अंतराने आलेली सळई वजनात वेगळी भरू शकते, आणि मागच्या गाडीवर काढलेले मीटरचे वजन पुढच्या गाडीला लावून चालत नाही. जालन्यातल्या एखाद्या रोलिंग मिलमधून आलेला माल असो की मोठ्या एकात्मिक पोलाद कारखान्यातला, प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक व्यासाचा तुकडा नव्याने तोलायला हवा.

आता पैशाचा प्रश्न. बिल कशावर केले आहे, यावर सगळे अवलंबून आहे. दुकानदाराने बंडलांचे हिशोबी वजन धरून २६४९ किलोंचे बिल लावले असेल, तर मालकाने न मिळालेल्या ९९ किलोंचे पैसे भरले. बिल काट्याच्या वजनावर, म्हणजे २५५० किलोंचे असेल, तर त्याला लागणारे सगळे मीटर मिळाले आणि पैसे मिळालेल्या पोलादाचेच गेले. या व्यवहारात तक्रारीला जागा नाही. म्हणून काट्यावर जाण्याआधी दुकानदाराला विचारायचा प्रश्न भावाचा जितका, तितकाच ‘बिल नगावर की काट्यावर?’ हा आहे.

उलट बाजू लोकांच्या लक्षात क्वचितच येते, आणि नुकसान तिच्यातही आहे. समजा, त्याच सळ्या चार टक्के जड आल्या. मालकाने मागणी टनात दिली होती: २६५० किलो. काट्यावर बरोबर २६५० भरले, सगळे खूश. पण जड सळईच्या तेवढ्याच किलोंत मीटर कमी येतात. हिशोबाने जिथे शंभर मीटर मिळायला हवेत, तिथे साधारण ९६ मिळतात. ८ मिमीच्या १९२० मीटरमागे सुमारे ७४ मीटर, म्हणजे सहा नगांहून जास्त. स्लॅबला किलो लागत नाहीत. दर १५० मिलिमीटरवर एक सळई लागते, मग ती हलकी असो की जड. पावती अगदी जुळलेली असताना माल कमी पडतो, मग फिटरकडे बोट दाखवले जाते आणि फिटर बीबीएसकडे.

हलकी सळई मर्यादेच्या खाली गेली तर गोष्ट पैशापुरती राहत नाही. ८ मिमीचा एक मीटर ३५८ ग्रॅम भरला असता, तर ती नऊ टक्क्यांहून जास्त कमी झाली असती. वजनातली घट म्हणजे छेदातली घट, आणि इंजिनिअरने जितके पोलाद गृहीत धरून स्लॅब बसवला तितके तिथे नसते. अशा वेळी काय करायचे ते क्रमाने ठरलेले आहे. आणखी दोनतीन बंडलांतले तुकडे तोलून आकडा पक्का करायचा, ती बंडले न कापता बाजूला ठेवायची, टॅगवरचा हीट नंबर उतरवून घ्यायचा, दुकानदाराकडे त्याच हीट नंबरचे कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागायचे आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. टॅग फाडून फेकला असेल तर हीट नंबर हातात राहत नाही. तेव्हा काँक्रीट होईपर्यंत टॅग एका तारेत ओवून जपलेले बरे. वजनाची परीक्षा पास झाली म्हणजे सळई मजबूत, असे मात्र नाही. ताण किती घेते, वाकवल्यावर तडा जातो का, हे किराणा काट्यावर कळत नाही. फे ५०० की फे ५०० डी, हेही वजनावरून सांगता येत नाही. दोन्ही सारखीच भरतात.

इथवर गाडीची तपासणी झाली. पण बीबीएस आणि आलेला माल यांचा हिशोब खऱ्या अर्थाने मिटतो तो काम झाल्यावर, जेव्हा उरलेले नग आणि तुकडे समोर असतात. उदाहरणातल्या घरात स्लॅब भरल्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिनिअर, मालक आणि फिटर तिघे ढिगाशी उभे राहिले.

१६ मिमीचे ४३२ मीटर आले होते, बीबीएसमध्ये ४१० होते. २२ मीटर उरायला हवे होते. पूर्ण नग एकही नव्हता आणि तुकडे भरले ५ किलो. मीटरला १.५६ किलोने भागले तर ३.२ मीटर. जवळपास १९ मीटर १६ मिमी सळई गायब. या जाडीची सळई भंगारवाल्याकडेही चांगली खपते, त्यामुळे मालकाची नजर पुन्हा फिटरकडे वळली. फिटर म्हणाला, ‘साहेब, लॅप कुठं धरलेत तुम्ही?’

त्याचे बरोबर होते. बीमच्या रांगा १३.४ मीटर लांब होत्या आणि सळई १२ मीटरची. प्रत्येक सळईला एक जोड अटळ होता, आणि जोडावर दोन सळ्या एकमेकींवर व्यासाच्या ५० पट, म्हणजे १६ मिमीला ८०० मिलिमीटर चढवाव्या लागतात. अशा २२ सळ्या होत्या. बीबीएसमध्ये त्यांची लांबी १३.४च लिहिली होती. लॅपची ओळ राहून गेली होती. २२ गुणिले ०.८ म्हणजे १७.६ मीटर. राहिला सव्वा मीटर, तो कापण्यात आणि मोजण्यात जातोच. सळई चोरीला गेली नव्हती, ती बीममध्येच होती.

८ मिमीची गोष्ट वेगळी निघाली, आणि ती समजायला एका रिंगेकडे नीट पाहावे लागते. बीम २३० बाय ३८०चा, चारही बाजूंनी २५ मिमी कव्हर. रिंग झाली १८० बाय ३३०. चार बाजू मिळून १०२० मिलिमीटर. दोन हुकांचे प्रत्येकी ८०, म्हणजे ११८०. सळई वाकवताना बाहेरच्या मापापेक्षा थोडी कमी लांबी लागते, म्हणून ९० अंशांच्या प्रत्येक वळणाला व्यासाच्या दुप्पट आणि १३५ अंशांच्या वळणाला तिप्पट वजा करतात. तीन वळणे ९० अंशांची, दोन हुकांची १३५ची, मिळून व्यासाच्या बारा पट, म्हणजे ९६ मिलिमीटर. कापायची लांबी आली १०८४. बारा मीटरच्या सळईतून अशा ११ रिंगा निघतात आणि सातआठ सेंटीमीटरचा बुटका तुकडा उरतो. फार देखणा हिशोब.

साइटवर फिटरने सोयीसाठी ११०० मिलिमीटरवर खूण करून कापायला घेतले. फरक रिंगेमागे जेमतेम दीड सेंटीमीटर. पण ११ रिंगांना आता १२.१ मीटर लागतात, म्हणून सळईतून निघाल्या दहाच आणि प्रत्येक सळईमागे एक मीटरचा तुकडा पडला. ३०० रिंगांना २८ सळ्या पुरल्या असत्या, तिथे ३० लागल्या. बीबीएसच्या कागदावर यातले काहीच दिसत नाही, कारण तिथे रिंगांची लांबी आणि संख्या दोन्ही बरोबर आहेत.

उरलेल्या मालाने मात्र सगळे सांगितले. १९२० आले, १८४० बीबीएसमध्ये, ८० मीटर उरायला हवे होते. दोन अखंड सळ्या होत्या, २४ मीटर. तुकड्यांचा ढीग पोत्यात भरून तोलला, १८ किलो. त्याला ०.३७२ने भागले तर ४८ मीटर. मिळून ७२. कमी पडलेल्या ८ मीटरमधले पाचेक मीटर ३०० रिंगांच्या त्या दीड-दीड सेंटीमीटरमध्ये गेले होते. इथे भागायला ०.३९५ घेतले असते तर तुकडे ४६ मीटरच भरले असते आणि विनाकारण आणखी अडीच-तीन मीटरांचा शोध सुरू झाला असता. हलक्या सळईचे तुकडेही हलकेच असतात. ढिगात एकएक मीटरचे तीस तुकडे पाहून मालकानेच विचारले, ‘एवढे सारखे तुकडे कसे पडले?’ त्या प्रश्नातून रिंगेची गोष्ट बाहेर आली.

१० आणि १२ मिमीत फार खोलात जावे लागले नाही. वरच्या जाळीला उचलून धरणाऱ्या खुर्च्या १० मिमीच्या तुकड्यांतून वाकवल्या होत्या आणि बीबीएसमध्ये त्यांची नोंद नव्हती. त्या धरल्यावर फरक दोनतीन मीटरवर आला. बांधायची तार वेगळी आणली होती, त्यामुळे ती या हिशोबात आली नाही. तार लोखंडाबरोबर त्याच गाडीत आली असती, तर ती आधी काट्याच्या वजनातून वजा करावी लागली असती.

दुसऱ्या स्लॅबचा नकाशा पहिल्यासारखाच होता. इंजिनिअरने बीबीएसमध्ये १६ मिमीच्या खाली लॅपची स्वतंत्र ओळ घातली आणि ४१०चे ४२८ मीटर केले. ३६ नगांतून ते जेमतेम निघतात आणि कापाकापीला काहीच उरत नाही, म्हणून १२ऐवजी १३ बंडले लिहिली. रिंगेच्या रकान्यात ‘कट १०८४, सळईमागे ११’ असे फिटरसाठी नोंदवले आणि ८ मिमीचे एक बंडल कमी केले. खुर्च्यांचे मीटर १० मिमीत मिळवले. दुकानदाराला मागणी गेली ती बंडले आणि नगांत. खाली एक ओळ होती: बिल काट्याच्या वजनावर, आणि प्रत्येक व्यासाचा एक मीटर तुकडा गाडी रिकामी करण्याआधी तोलला जाईल.